सराट्याची कॅप्सूल आणि सकाळचं रक्त

आज संध्याकाळी मेडिकलवर माझ्यापुढं एक पोरगा उभा होता. पोलीस भरतीची तयारी करणारा, बुटाला ग्राउंडची माती तशीच. त्यानं 'टेस्टोस्टेरॉन बूस्टर'चा डबा घेतला, दोन हजाराच्या वर पैसे मोजले आणि विचारलं, "दादा, किती दिवसांत फरक पडंल?" दुकानदार म्हणाला, "महिनाभर घेऊन बघ." फरक नेमका कशात पडायचाय, हे ना त्यानं विचारलं ना याला सांगावं वाटलं. यंदा सोयाबीन कोणत्या भावानं गेलं ते आपल्याला माहीत आहे. त्यातलेच पैसे असणार ते. डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

मी परभणीत लॅब चालवतो. रक्त काढणं हा माझा रोजचा धंदा, तेव्हा 'तपासणी करा' म्हणण्यात माझा स्वार्थ आहे असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. माझ्या पुतण्याचं काय झालं ते आधी ऐका.

तो पण भरतीवालाच. १६०० मीटरला चांगला पळायचा, मग हळूहळू दम लागायला लागला. सारखं डोकं दुखायचं. दाढी दोन दिवसाला करावी लागायची ती आठवड्यावर गेली. सकाळी तरण्या पोराला जे व्हायला पाहिजे ते होणं बंद झालं, आणि हे कुणाजवळ बोलायचं? बापाजवळ? जिममधल्या ट्रेनरजवळ बोलला. ट्रेनरनं हाच डबा दिला. पोरगं महिनोन्‌महिने कॅप्सूल गिळत राहिलं.

त्या डब्यात असतं काय? पहिलं नाव बहुतेक 'ट्रिब्युलस'. हा म्हणजे आपला सराटा. गोखरू. अनवाणी रानात गेलं की टाचेत घुसतो तोच. निरोगी पुरुषांवर, खेळाडूंवर त्याचे प्रयोग झाले, टेस्टोस्टेरॉन काही वाढलं नाही. मग मेथीचा अर्क, सफेद मुसळी, शिलाजीत. मग झिंक. झिंकची खरोखर कमतरता असेल तर ते भरून दिल्यावर फरक पडतो. नसेल तर जास्तीचं झिंक काही करत नाही, उलट लय दिवस जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. डी-ॲस्पार्टिक ॲसिड नावाचंही एक असतं. त्याचा सुरुवातीचा एक छोटा अभ्यास चांगला आला होता, त्यावर दुकानं चालली. पुढं व्यायाम करणाऱ्या पोरांना दिवसाला ६ ग्रॅम देऊन पाहिलं, तर टेस्टोस्टेरॉन उलट कमी झालं. आणि कित्येक डब्यांवर सगळं मिळून एकच वजन लिहिलेलं असतं, कोणतं किती ते कळतच नाही.

अश्वगंधेचं म्हणाल तर काही छोट्या अभ्यासांत थोडी वाढ दिसली आहे, हे मान्य. झोप आणि ताण सुधारतो असंही दिसतं. पण क्वचित कुणाच्या लिव्हरला त्याचा त्रास झाल्याचंही नोंदलेलं आहे. आणि ती थोडी वाढ माझ्या पुतण्याच्या कामाची नव्हती, कारण त्याचा बिघाड खाली नव्हताच, डोक्यात होता.

हे नीट समजून घ्या. नाकाच्या मुळामागं, मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती एलएच नावाचा हार्मोन रक्तात सोडते. तो वृषणात पोचला की तिथं टेस्टोस्टेरॉन तयार होतं. म्हणून टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर सोबत एलएच बघावा लागतो. एलएच जास्त असेल तर हुकूम जातोय पण वृषण काम करत नाही. एलएचही कमी असेल तर हुकूमच निघत नाहीये. दोन्हीचे इलाज वेगळे. डबा बघून कळतं का यातलं काही?

पुतण्याचा पहिला रिपोर्टही ट्रेनरच्याच सांगण्यावरून दुसरीकडं काढलेला, संध्याकाळी, जेवण करून. टेस्टोस्टेरॉन १९०. तरुणात साधारण ३०० च्या खाली गेलं की कमी धरतात. तो आकडा दाखवून त्याला अजून एक डबा विकला! मला राग येतो तो इथं. संध्याकाळी ही पातळी उतरलेलीच असते, जेवणानंतर अजून उतरते, रात्रभर जागरण झालं किंवा नुकताच ताप येऊन गेला तरी उतरते. संध्याकाळी कमी आलेले रिपोर्ट सकाळी उपाशीपोटी एकदम व्यवस्थित आलेले मी किती तरी पाहिलेत. त्या पोरांना काहीच झालेलं नव्हतं. झोप कमी होती, एवढंच. तपासणी करायची तर सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, रात्रीची झोप घेऊन, आणि कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या दिवशी परत. एका आकड्यावर कुणी निकाल देत असेल तर त्याच्याकडून उठून या.

पुतण्या शेवटी माझ्याकडं आला तेव्हा मी असंच सकाळी रक्त काढलं. १७८. पुढच्या आठवड्यात परत, १८४. म्हणजे खरंच कमी. एलएच १.३, तोही कमी. मग डॉक्टरांनी प्रोलॅक्टिन करायला सांगितलं, हाही पिट्युटरीतूनच निघणारा एक हार्मोन. पुरुषात ते साधारण १५-२० च्या आत असतं. त्याचं आलं ४१२. मशीन चुकलं असंल म्हणून मी परत लावलं. तेच.

प्रोलॅक्टिन वाढलं की ते एलएचचा हुकूम दाबून टाकतं. थोडंफार तर ॲसिडिटीच्या गोळीनंही वाढतं, ज्यात डोम्पेरिडोन किंवा लेवोसल्पिराइड असतं आणि जी आपण चिठ्ठीशिवाय आणून खातो. पण ४१२ म्हणजे गोळीचं काम नव्हे. एमआरआयत पिट्युटरीवर १४ मिलिमीटरची गाठ निघाली. कॅन्सर नव्हता. पण अजून वाढली असती तर वरून जाणाऱ्या डोळ्यांच्या नसांवर दाबली असती आणि बाजूचं दिसणं कमी होत गेलं असतं. आमचं लेकरू हे डोक्यात घेऊन सराट्याच्या कॅप्सूल खात होतं.

ऑपरेशन लागलं नाही. हार्मोनच्या डॉक्टरांनी कॅबरगोलिन सुरू केलं, आठवड्यातून दोनदा अर्धी गोळी. काही महिन्यांत प्रोलॅक्टिन आत आलं, गाठ आकसली, टेस्टोस्टेरॉन ४०० च्या वर गेलं. बाहेरून टेस्टोस्टेरॉनचं एकही इंजेक्शन दिलं नाही. ते बरंच झालं, कारण बाहेरून दिलं की पिट्युटरी आणखी गप्प बसते आणि वीर्यातले शुक्राणू पार शून्यावर येऊ शकतात. त्याचं अजून लग्न व्हायचंय.

प्रत्येक थकलेल्या पोराला गाठ असते असं मी म्हणत नाही. क्वचितच असते. कुणाचं हिमोग्लोबिन कमी निघतं, कुणाचा थायरॉईड, कुणाची साखर. पोरांनो, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही कुणाला विचारावं अशी जागाच आम्ही ठेवली नाही.

दुकानदाराला आज जे बोललो ते इथं लिहीत नाही. त्या पोराला मात्र सांगितलं की परवा सकाळी काही न खाता लॅबवर ये, पैसे देऊ नको, आणि हा डबा सोबत आण. डबा यासाठी की अशा पावडरी-गोळ्यांत केसांसाठी म्हणून बायोटिनही घातलेलं असतं. जास्त बायोटिन पोटात असेल तर काही मशीनवर टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त आणि प्रोलॅक्टिन खोटं कमी दिसतं. डब्यावर बायोटिन निघालं तर त्याला ते बंद करायला लावून दोन-तीन दिवस थांबवणार, मगच सुई टोचणार.