केसांची गोळी आणि वहिनीचा थायरॉईड

आज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा त्या बायोटिनच्या गोळ्यांचा फोटो आला. खाली लिहिलंय, "नुसतं व्हिटॅमिन आहे, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं." डोकंच फिरलं. जातं हो निघून, पण जाण्याआधी काय घोळ घालून जातं ते आमच्या वहिनीला विचारा.

वहिनी दहा वर्षं थायरॉईडची ७५ची गोळी घेते. गेल्या वर्षी केस गळायला लागले, तर पार्लरवालीने १० मिलिग्रॅम बायोटिन सांगितलं. दिवसाची गरज असते ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ही तीनशे पटीहून जास्त! पुढच्या तपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, तळाला आणि एफटी४, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, वर. डॉक्टरांनी डोस जास्त होतोय समजून ७५ची २५ केली. दीड महिन्यानं पुन्हा तेच. इकडे वहिनीचे पाय जड, पोट साफ नाही, दिवसभर झोप. केस तर जास्तच गळायला लागले, म्हणून ती बायोटिन आणखी नेमानं घ्यायला लागली! रक्त द्यायला जाताना थायरॉईडची गोळी आठवणीनं मागे ठेवायची, केसांची मात्र गिळून जायची.

आता यातली गोम ऐका. कित्येक लॅबमधल्या मशीनमध्ये टीएसएच पकडायला जी अँटिबॉडी वापरतात, ती बायोटिनच्याच शेपटीनं मण्यांना चिकटते. रक्तात फुकटचं बायोटिन भरलेलं असलं की मण्यांवरच्या जागा तेच अडवून बसतं. टीएसएच पकडलेली अँटिबॉडी धुवून जाते आणि मशीन म्हणतं, टीएसएच नाहीच. एफटी४च्या तपासणीचं गणित उलटं, तिथे कमी चिकटलं की आकडा वर जातो. म्हणून रिपोर्ट अगदी खरा वाटतो.

मान्य, सगळ्या मशीनवर असं होत नाही आणि साध्या मल्टिव्हिटॅमिनमधल्या चिमूटभरानं काही बिघडत नाही. डॉक्टरांनाही दोष देववत नाही, वहिनीनं सांगितलंच नव्हतं. केसांची गोळी कोण औषध म्हणून सांगतं?

पण ट्रोपोनिनचं काय? छातीत दुखतंय म्हणून करतात ती तपासणी. तिथेही काही मशीनवर आकडा खोटा खाली येतो, म्हणजे हार्ट अटॅक असून "नॉर्मल". अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मध्ये इशारा दिला तेव्हा असा एक मृत्यू नोंदवलेला होता. आणि आपल्याकडे डब्यावर काय छापतात? चमकदार केसांची बाई.

शेवटी रक्त काढणाऱ्या मुलीनंच सहज विचारलं, "काकू, केसांसाठी काही घेता का?" देव तिचं भलं करो. तीन दिवस बायोटिन बंद ठेवून पुन्हा तपासलं. (साधारण दोन दिवस तरी बंद ठेवायला सांगतात, डोस फारच मोठा असेल तर जास्त.) टीएसएच १८, म्हणजे खूपच वर! केस जास्तच गळत होते ते थायरॉईड कमी पडत होता म्हणून.

७५ची गोळी परत सुरू झाली. चार महिन्यांनी वहिनी म्हणाली, "अगं, कंगव्यात आता कमी येतात." बायोटिनचा अर्धा डबा अजून तिच्या फ्रीजवर आहे. टाकवत नाही म्हणे, बाराशे रुपये दिलेत.