हबला अडकलेलं पार्सल: एका प्रतिक्रियेला उत्तर

कुरिअरच्या नागपूर हबला पार्सल दिवसेंदिवस का अडकतं यावर मी लेख लिहिला होता, त्यावर आलेली प्रतिक्रिया: "एवढा मोठा लेख, पण कारण एका ओळीचं आहे, हबमधले लोक आळशी आहेत. ट्रॅकिंगवर स्पष्ट दिसतंय की पार्सल तिथंच पडून आहे. ट्रक भरेपर्यंत माल रोखतात ते का नाही लिहिलं? कंपन्यांची वकिली बंद करा."

दादा, मुद्दा पटला नाही तर तसं सांगा ना, पण वकिली? मी नागपूरजवळच्या वाडीच्या एका हबला रात्रपाळ्या काढल्यात, हातात स्कॅनर घेऊन, भर मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली. ज्यांना तुम्ही आळशी म्हणता ती पोरं माझ्या शेजारी गोण्या उचलत होती, त्यामुळे हे वाचून राग आला आणि तो लपवणार नाही.

ट्रक भरायचं म्हणता ते कमी मालाच्या रूटवर होतं, मान्य. पण त्यात एखाद-दोन दिवस जातात, आठवडा नाही.

खरा घोळ तुमच्या दुसऱ्या वाक्यात आहे. ट्रॅकिंगवर पार्सलची जागा दिसतच नाही, शेवटचं स्कॅन कुठं झालं तेवढंच दिसतं. माझ्या डोळ्यासमोरचं सांगतो. भंडाऱ्याचा, ४४१९०४ पिनचा मिक्सरचा खोका. पाठवणाऱ्याने लेबल कडेवर चिकटवलेलं, बारकोड अर्धा या बाजूला अर्धा त्या बाजूला, वरून चकचकीत टेप. गाडीतून उतरवताना हातातल्या स्कॅनरने तिरपं धरून कसंबसं वाचलं, म्हणून हबला पोचल्याची नोंद पडली. पुढे बेल्टवरच्या कॅमेऱ्याला ते वाचता आलं नाही आणि खोका रिजेक्टच्या पिंजऱ्यात गेला. आता कुणीतरी तो उचलून नंबर हाताने टाकायचा, नवीन लेबल काढायचं, परत बेल्टवर सोडायचा. पण भंडाऱ्याची गाडी पहाटे ठरल्या वेळी सुटते आणि शिफ्टचा हिशोब ताजा माल किती निघाला यावर होतो, मग पिंजऱ्याला हात लागतो सगळ्यात शेवटी, आणि दुसऱ्या रात्री वरून नवे खोके पडले की जुना अजून खाली जातो. यात त्या पोरांचा काय दोष? शिव्या द्यायच्याच तर असा हिशोब लावणाऱ्या मॅनेजरला द्या.

तुमचंही असंच झालंय का ते ओळखता येतं. पोचल्याची नोंद आहे पण बॅगेत भरल्याची नाही, म्हणजे बहुतेक तुमचं एकटं पार्सल बाजूला पडलंय. बॅगेत भरलं, गाडी सुटली आणि पुढची नोंदच नाही, तर ते नागपुरात नसेलच, पुढच्या ठिकाणी बॅग न उघडता पडली असेल. आणि नागपूरहून सुटून परत नागपूरलाच आलेलं दिसलं तर आधी पत्त्यातला पिनकोड चुकलाय का ते तपासा.

बाकीच्या टोमण्यांवर बोलत नाही. तक्रार करताना खोक्याचा रंग, आकार, आत काय आहे आणि पाठवणाऱ्याकडे असेल तर पॅकिंगचा फोटो द्या, कारण लेबल वाचलं जात नाही तेव्हा माणसाला ते डोळ्यांनीच शोधावं लागतं. नुसतं 'पार्सल कुठंय' विचारलंत तर कस्टमर केअरवाला स्क्रीन बघून तुम्हाला आधीच दिसतंय तेच वाचून दाखवेल.