चौदा सुविचार आणि नानांची डाय

शनिवारी संध्याकाळी निगडीच्या कट्ट्यावर मी लॅपटॉप घेऊन गेलो, कारण मंगळवारी सुपरवायझरांची नवी बॅच होती आणि माझ्या ट्रेनिंगच्या डेकमधले चौदा सुविचार मला काढायचे होते. मागच्या बॅचला शेवटी चिठ्ठ्या वाटल्या होत्या, दोन दिवसांतलं आठवेल ते एक वाक्य लिहा म्हणून. बावीस चिठ्ठ्या आल्या. सुविचार एकाही चिठ्ठीवर नव्हता. दोघांनी मात्र ‘सूर्योदयाचा फोटो छान होता’ असं लिहिलं होतं. ते वाचल्यापासून मला चैन नव्हतं. ही माणसं रात्रपाळी करून ट्रेनिंगला बसतात, त्यांचा वेळ असा घालवायचा नाही.

कट्ट्यावर मास्तर होते, जाहिरातींचं लिहिणारी ताई होती, आणि प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या खात्यात, तीस वर्षं काढून नुकतेच निवृत्त झालेले नाना होते.

पहिलीच स्लाइड ग्राहकाची निघाली. ‘ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर आहोत’, आणि खाली महात्मा गांधी. बँकेत, पोस्टात, किराणा दुकानात आपण सगळ्यांनी वाचलेलं.

मास्तर म्हणाले, “हे गांधीजींचं नाहीच. काही तक्त्यांवर तर १८९० साली दक्षिण आफ्रिकेत केलेलं भाषण असंही छापतात. १८९० मध्ये ते लंडनला कायद्याचं शिकत होते. दक्षिण आफ्रिकेत उतरले १८९३ ला. आणि याच अर्थाचा मजकूर अमेरिकेत १९४१ साली स्टुडबेकर मोटार कंपनीच्या विक्री विभागाच्या उपाध्यक्षाच्या नावावर सापडतो.”

“मग नाव काढतो आणि वाक्य ठेवतो,” मी म्हणालो.

“नाव काढलंस की उरतं काय ते बघ,” ताई म्हणाली. “लोक त्या नावाकडे बघून मान डोलावतात. वाक्यात जीव असेल तर ते नावाशिवाय उभं राहील. आधी मला सांग, सुपरवायझरने हे ऐकून काय करायचंय?”

मी विचार केला. प्रेस शॉपच्या सुपरवायझरला ग्राहक कधी दिसतच नाही. त्याच्याकडे येतो तो वेल्डिंगवाला, हातात कडेला बर, म्हणजे धारदार कंगोरा, आलेला पीस घेऊन, आणि हा त्याच्यावर खेकसतो.

“तेच लिही की,” नाना म्हणाले. “वेल्डिंगवाला पीस घेऊन आला, तर तो काम थांबवायला आलेला नाही. त्याच्यासाठीच काम चाललंय.”

मी ते तसंच टाइप केलं. मूळ मजकुरातला एक अख्खा भाग त्यात आला होता, की ग्राहक हा कामातला अडथळा नसून कामाचं कारण आहे. ‘पाहुणा’ गेला, पण शॉपफ्लोअरला त्याचा उपयोगही नव्हता.

खरा वाद पुढच्या स्लाइडला पेटला. ‘वेगात जायचं असेल तर एकटे जा, लांब जायचं असेल तर सोबत जा. – आफ्रिकन म्हण.’

“आफ्रिकन म्हणजे कुठली?” मास्तरांनी लगेच धरलं. “तिथे दीड-दोन हजार भाषा आहेत. आशियाई म्हण म्हटलं तर तू विचारशील ना, मराठी की तमिळ की जपानी? भाषा सांगता येत नसेल तर तो शिक्का लावू नकोस.”

ते मला पटलं. मी म्हणालो, “सोपं आहे, ‘एकीचं बळ’ लिहितो. आपलंच आहे, सगळ्यांना कळतं.”

“नाही चालणार,” ताई ताडकन म्हणाली. “सगळे इथेच फसतात. जुनं वाक्य काढतात आणि त्याच विषयाचं दुसरं आणून ठेवतात. विषय एक असला म्हणजे म्हणणं एक होत नाही. ‘एकीचं बळ’ सांगतं की एकत्र असणं चांगलं. या वाक्यात सौदा आहे. एकटा माणूस खरोखरच लवकर पोचतो, हे ते आधी कबूल करतं. मग सांगतं की त्या वेगाची किंमत पुढे मोजावी लागते. ती कबुली गेली की वाक्य मेलं.”

“कबुली कशाला हवी?” मास्तर म्हणाले. “शिकवताना मुद्दा एकच असावा.”

“कारण समोरच्याला ते आधीच माहीत असतं, मास्तर. सुपरवायझरला रोज दिसतं की चांगला माणूस एकट्याने काम उरकतो. त्याला तुम्ही नुसतं ‘मिळून काम करा’ म्हणालात तर तो मनात म्हणतो, याने कधी प्रेस बघितलेली नाही.”

इतका वेळ चहा पीत ऐकणारे नाना आता बोलायला लागले, आणि पुढची दहा मिनिटं आम्ही कोणी बोललो नाही.

“आमच्याकडे अडीचशे टनाच्या प्रेसवर एक सेटर होता. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा. ती बदलायची म्हणजे जुनी उतरवा, नवी चढवा, क्लॅम्प करा, शट हाइट, म्हणजे प्रेस खाली आल्यावर उरणारं अंतर, लावा, मग पहिला पीस काढून क्वालिटीला दाखवा. त्याने ओके दिला की लाइन सुरू. हा गडी एकट्याने पस्तीस मिनिटांत करायचा. सोबत शिकाऊ पोरगा दिला की पन्नास मिनिटं, कारण प्रत्येक पायरीला थांबून सांगायचं. शिफ्टमध्ये तीन वेळा डाय बदलली की पाऊण तास गेला. मग कोण देतोय पोरगा? मीही नाही दिला. एका वर्षी तो गावच्या जत्रेला गेला चार दिवस. दुसऱ्याने डाय चढवली, शट हाइट चुकली, पहिला पीस बरा दिसला म्हणून माल चालू केला. दुपारी बघतो तर बेंड अर्ध्याच खोलीचा. सगळी ट्रॉली स्क्रॅप. तेव्हा मला कळलं की ती पंधरा मिनिटं मी वाचवत नव्हतो, उसनी घेत होतो.”

मी म्हणालो, “नाना, हेच वाक्य आहे. ‘उसनी’.”

ताईने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. पहिला मसुदा तिने असा लिहिला: ‘एकट्याचा वेग ही उसनवारी आहे.’ मला फार आवडला. तिने स्वतःच खोडला.

“ऐकायला छान आहे, पण करायचं काय ते यात नाही. शिवाय यात वेग चुकीचाच ठरतो. नाना, तातडीचा माल असेल तर तुम्ही शिकाऊ द्याल?”

“नाही. तेव्हा एकटाच लावीन.”

“मग तेही यायला हवं.”

चार-पाच खाडाखोडींनंतर हे उरलं: ‘आज गाडी भरायची असेल तर सेटरला एकटं सोडा. जत्रेच्या दिवशीही प्रेस चालावी असं वाटत असेल तर त्याच्यासोबत पोरगा द्या.’

मास्तर तरीही अडून होते. लांब झालं म्हणाले. आणि त्यांचा दुसरा मुद्दा खरोखर वजनाचा होता. “जुनं वाक्य घासलेलं आहे म्हणूनच ते पटकन कळतं. माणूस ते आधीपासून ओळखतो. नवं वाक्य उलगडायला वेळ लागतो. आणि हे तुझं वाक्य प्रेस शॉपच्या बाहेर चालेल का? पेंट शॉपवाल्याला सेटर म्हणजे कोण?”

याला आमच्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं. एवढं जवळचं वाक्य त्या एकाच खात्याचं होतं. ताईने तोडगा काढला की वाक्याचा सांगाडा तोच ठेवायचा, आणि खात्याप्रमाणे माणूस आणि काम बदलायचं. पेंट शॉपला रंग जुळवणारा, स्टोअरला बिन कार्ड सांभाळणारा. म्हणजे बॅचच्या आधी त्या खात्यातल्या कोणाशी तरी अर्धा तास बोलणं आलं. काम वाढतं, पण माझ्या मते ते करायलाच हवं.

“आणि कळलं की नाही हे कसं बघणार?” नानांनी विचारलं.

ताईची रीत अशी. नवं वाक्य अशा माणसाला वाचून दाखवायचं, ज्याला जुनं कोणतं होतं ते माहीत नाही. तो स्वतःच्या शब्दांत काय सांगतो ते ऐकायचं. त्याच्या बोलण्यात दोन्ही बाजू आल्या तर अर्थ पोचला, एकच आली तर गळती आहे. आम्ही चहावाल्या पोराला हाक मारली. त्याने दोनदा ऐकलं आणि म्हणाला, “म्हणजे गर्दीच्या वेळी चहा मीच करायचा, पण दुपारी धाकट्याला शिकवायचा, नाहीतर मी आजारी पडलो की गाडी बंद.” सेटर म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं, तरी त्याने दोन्ही बाजू सांगितल्या. मास्तरांनी लांबीचा आक्षेप तिथेच सोडला.

तिसरी स्लाइड ‘जगात जो बदल पाहायचा आहे, तो तुम्ही स्वतः व्हा’. पुन्हा गांधीजी.

“हेही या शब्दांत त्यांच्या लिखाणात मिळत नाही,” मास्तर म्हणाले. “जवळचं आहे ते १९१३ मध्ये इंडियन ओपिनियनमध्ये गुजरातीत लिहिलेलं, आरोग्यावरच्या लेखमालेत, आणि तेही साप चावण्याच्या प्रकरणात. आपण बदललो तर जगातल्या प्रवृत्तीही बदलतील, माणूस स्वभाव बदलतो तसा जगाचा त्याच्याकडे बघायचा रोख बदलतो, आणि दुसरे काय करतात याची वाट बघायची गरज नाही, असा त्याचा आशय आहे.”

मी तुकोबांचं ‘बोले तैसा चाले, त्याची वंदीन पाउले’ टाकू या म्हणालो. या वेळी मास्तरच माझ्यावर उलटले. “तो अभंग उक्ती आणि कृती एक असलेल्या माणसाला नमस्कार करतो. गांधीजींच्या मजकुरात बोलणंच नाही. आधी आपण बदलायचं, वाट न बघता, आणि मग समोरचा बदलतो का ते दिसतं. दोन्ही मोठी आहेत, पण एकाच्या जागी दुसरं बसत नाही. आणि तुकोबांचे शब्द घेतलेस तर जसेच्या तसे घे. त्यात फेरफार करून खाली त्यांचं नाव ठेवू नकोस.”

म्हणून ही स्लाइड अशी झाली: ‘पोरांनी पाच मिनिटं आधी यावं असं वाटतं? कोणाला काही न बोलता आठवडाभर स्वतः दहा मिनिटं आधी या. सोमवारी हजेरी बघा.’ नानांना ‘कोणाला काही न बोलता’ फार पटलं. बोलून दाखवलं की ती शिस्त न राहता टोमणा होतो, असं ते म्हणाले.

बाकीच्यांतले पाच आम्ही बदली न शोधता काढून टाकले. ‘नेता तोच जो स्वप्न दाखवतो’ अशा वाक्यांचं उलटं करून बघितलं, तर तसं कोणीच कधी म्हणणार नाही. मग त्यात म्हणणं असं काही नव्हतंच, आणि जिथे म्हणणंच नाही तिथे नवे शब्द कशाला घालायचे?

साडेनऊला गाडी बंद झाली तेव्हा ‘संस्कृती धोरणाला नाश्त्यात खाऊन टाकते’ अजून तसंच होतं. ते व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या पीटर ड्रकरांच्या नावावर खपतं, त्यांच्या लिखाणात मिळत नाही, म्हणून नाव तेवढं काढलंय. नाना म्हणतात, त्यांच्या शॉपमध्ये भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’ लिहिलं होतं आणि महिनाअखेरीला लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की प्रेस थांबवणारं उपकरण, बायपास व्हायचं, त्यावरून काहीतरी जमेल. मंगळवारच्या आत त्यांच्याकडे चहाला जायचंय.