पापणी मिटणारच, फक्त ती धरायची कुठे ते शिका

“ज्यांची पापणी पटकन मिटते त्यांनी कॉन्टॅक्ट लेन्सच्या नादाला लागू नये. मन घट्ट करून डोळा उघडा ठेवता आला तरच लेन्स बसते. ती सरकून डोळ्याच्या मागे गेली की ऑपरेशनच. काढताना चिकटली तर नळाचं पाणी मारून ओढून काढा.”

कोल्हापुरात चष्म्याच्या दुकानात नवख्यांना सॉफ्ट लेन्स घालायला शिकवणं हे माझं काम. हा मेसेज वाचून घाबरलेली माणसं माझ्यासमोर येऊन बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पापणी मिटणं हा कमकुवतपणा नाही. पापणीच्या केसाला किंवा बुबुळाला काही लागलं की चेहऱ्याच्या संवेदना नेणारी नस मेंदूच्या खोडाला कळवते आणि तिथून दुसऱ्या नसेतून पापणी मिटवायचा हुकूम सुटतो. विचार करायला त्यात वेळच नसतो. बोट समोरून येताना दिसलं तरी पापणी मिटते. त्यामुळे मन घट्ट करण्याचा सल्लाच मुळात चुकीचा आहे. पापणी बोटाने धरायची असते आणि नजर बोटावरून हटवायची असते.

परवा एक आई फुटबॉल खेळणाऱ्या मुलीला घेऊन आली. बॉल डोक्यावर घेताना चष्मा आडवा येतो, म्हणून लेन्स हव्या होत्या. दर वेळी लेन्स पापणीच्या केसांना चिकटून खाली यायची. “दादा, हिला नाहीच जमायचं,” आई म्हणाली. मी मुलीचा डावा हात बघितला. ती वरची पापणी भुवईजवळ धरत होती. तिथे धरलं की खालची कातडी मोकळी राहते आणि पापणी बोटाखालून निसटते. मी म्हटलं, “केसांच्या अगदी मुळाशी बोट ठेव. आधी खाली बघ, मग कड पकडून वर हाडावर दाबून धर.” डावा हात कपाळावरून आणून मधल्या बोटाने वरची कड आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने खालची कड धरायला लावली. लेन्स उजव्या तर्जनीवर होती. दुसरा डोळाही उघडा ठेवायला सांगितला, कारण एक डोळा मिटायला लागला की दुसराही मिटतो.

तरीही लेन्स बोटालाच चिकटून परत आली. आता दोष बोटाच्या ओलाव्याचा होता. लेन्स जास्त ओल्या पृष्ठभागाकडे जाते, त्यामुळे डोळ्यापेक्षा बोट ओलं असेल तर ती बोट सोडत नाही. साबणाने धुतलेले हात धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडे केले. कडा बाहेर वळलेल्या नाहीत ना, म्हणजे लेन्स उलटी नाही ना, तेही पाहिलं. मग मुलीने वर बघितलं आणि लेन्स खालच्या पांढऱ्या भागावर टेकवली. बुबुळाइतका तो भाग नाजूक नसतो, म्हणून झटका कमी बसतो. लेन्स टेकल्यावर हळूच खाली बघायला लावलं, आधी खालची आणि मग वरची पापणी सोडायला लावली. लेन्स आपोआप मध्ये आली.

डोळ्याच्या मागे जाण्याची भीती निराधार आहे. पापणीच्या आतलं पातळ आवरण मागे वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागाला जोडलेलं असतं, म्हणजे तिथे वाटच बंद आहे. फार तर लेन्स घडी होऊन वरच्या पापणीखाली लपते. तेव्हा लेन्ससोबत चालणारे ओलाव्याचे थेंब टाकून खाली बघत पापणीवरून हलकेच चोळलं की ती सहसा खाली येते.

काढण्याबद्दल मेसेजमध्ये जे सांगितलंय ते मात्र सरळ धोक्याचं आहे. नळाच्या पाण्यात अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव असू शकतो. त्याने बुबुळाला होणारा संसर्ग दुर्मीळ असला तरी फार वेदनादायक असतो आणि दृष्टी जाऊ शकते. शिवाय साध्या पाण्याने लेन्स फुगते आणि आणखी घट्ट चिकटते. कोरडी लेन्स ओढली की बुबुळाचा वरचा थर खरचटतो.

काढण्याआधी दुसरा डोळा झाकून लेन्स जागेवर आहे ना ते बघा. आधीच पडलेली लेन्स शोधत बरेच जण उघड्या बुबुळालाच चिमटा काढतात. ती जागेवर असेल तर दोन्ही पापण्या धरून वर बघा, तर्जनीने लेन्स खाली पांढऱ्या भागावर सरकवा आणि बोटांच्या मऊ भागाने, नखं न लावता, चिमटीत घ्या. सरकत नसेल तर लेन्ससोबत चालणारे ओलाव्याचे थेंब टाका, पापण्या मिटून-उघडून काही मिनिटं थांबा आणि ती हलतेय का बघा. हलल्याशिवाय चिमटीत धरायची नाही. थेंब पुन्हा टाकूनही हलली नाही, तर नेत्रतज्ज्ञांकडे जा. लेन्स काढल्यावरही दुखणं, लाली, उजेड सहन न होणं किंवा धूसर दिसणं राहिलं, तर लेन्स पुन्हा न घालता त्याच दिवशी डोळे तपासून घ्या.