"4,850/- + टॅक्स, पेमेंट 30 दिवस" : कोटेशनची ही ओळ भांडणाला आमंत्रण आहे

भोसरी, चाकणपासून साताऱ्यापर्यंतच्या वर्कशॉप्समधून रोज अशी मेल जातात. भाव एका ओळीत, बाकी सगळं समोरच्याच्या समजुतीवर. माझं ठाम मत आहे की कोटेशनवरून होणारे बहुतेक वाद भाव जास्त की कमी यावरून होत नाहीत. एकाच आकड्याचे दोघांनी दोन अर्थ लावले म्हणून ते होतात.

200 नग ब्रॅकेट्सचं कोटेशन घ्या. मेलमध्ये नुसतं "4,850" असेल आणि खरेदीदाराने तो जीएसटीसकट धरला, तर 18 टक्के दराने मूळ किंमत उरते 4,110.17. नगामागे 739.83 रुपयांचा फरक, म्हणजे 200 नगांवर जवळपास 1 लाख 48 हजार. यात लबाडी कुणाचीच नाही. ज्या कंपनीला इनपुट टॅक्स क्रेडिट मिळतं, ती टॅक्स वगळूनच भाव तोलते. हाउसिंग सोसायटीसारख्या ज्या ग्राहकाला ते क्रेडिट मिळत नाही, तो खिशातून शेवटी किती जाणार तेच बघतो. म्हणून तिन्ही आकडे लिहा: मूळ रक्कम 9,70,000 रुपये, जीएसटी 18 टक्के 1,74,600, एकूण 11,44,600. आणि भाव नगाचा की सेटचा, तेही.

"टॅक्स लागू असेल तसा" हे शब्द एकटे सोडू नका. आजचा दर लिहा आणि पुढे जोडा: "मूळ किंमत कायम, सरकारने दर बदलला तर कायद्याने त्या पुरवठ्याला लागू होणारा दर आकारला जाईल." 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. ज्या कोटेशनमध्ये टॅक्ससकट एकच आकडा असतो, तिथे अशा वेळी मूळ किंमत कोणती धरायची यावरच वाद सुरू होतो.

चलनाचा घोळ परदेशी चौकशीत होतो. "$" हे चिन्ह अमेरिकेचं, कॅनडाचं, ऑस्ट्रेलियाचं आणि सिंगापूरचंही आहे. त्यामुळे चिन्हाऐवजी USD, AED, INR असे तीन अक्षरी कोड आकड्याच्या आधी लिहा. स्वल्पविरामही तिकडच्या पद्धतीने द्या. 11,44,600 हा आकडा दुबईच्या माणसाला टायपिंगची चूक वाटू शकतो, तिथे 1,144,600 लिहावं. बँकेचे चार्जेस कोण भरणार हेही त्याच ओळीत येऊ द्या, नाहीतर बिलापेक्षा कमी रक्कम जमा होते आणि उरलेले चाळीस-पन्नास डॉलर मागणं दोघांनाही नकोसं होतं.

मुदतीबद्दल "15 दिवस वैध" लिहिलं की मेल पाठवल्यापासून की वाचल्यापासून, हा प्रश्न उरतोच. सरळ तारीख टाका, आणि त्या तारखेपर्यंत काय व्हायला हवं तेही: "30 जूनला संध्याकाळी 6 पर्यंत पीओ आमच्या ईमेलवर आली तरच हा भाव." मुदत लिहिलीच नाही, तर 1872 च्या करार कायद्याप्रमाणे प्रस्ताव "वाजवी काळाने" संपतो. स्टीलचा भाव चढलेला असताना वाजवी म्हणजे किती, यावर दोघांचं एकमत होणं अवघडच.

सगळ्यात जास्त पैसे मात्र पेमेंटच्या ओळीत अडकतात. "30 दिवस" कुठून मोजायचे? पीओपासून, बिलाच्या तारखेपासून, माल पोचल्यापासून की तपासणी पास झाल्यापासून? खरेदीदाराचा क्वालिटी विभाग तपासणीला तीन आठवडे घेत असेल, तर 30 चे 51 होतात. "माल पोचल्याच्या तारखेपासून 30 दिवस" असं लिहिलं की हा वाद उरत नाही. तुम्ही उद्यम नोंदणी असलेले सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल तर नोंदणी क्रमांक मेलमध्येच द्या. एमएसएमई कायद्याप्रमाणे मान्य केलेली मुदतसुद्धा माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ज्या दिवशी माल पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असं धरतात.

"40 टक्के अ‍ॅडव्हान्स" हेही अर्धवटच. वरच्या उदाहरणात मूळ रकमेवर 3,88,000 होतात आणि एकूण रकमेवर 4,57,840. जवळपास 70 हजारांचा फरक. टक्क्यांशेजारी रुपये लिहा, आणि काम अ‍ॅडव्हान्स खात्यात जमा झाल्यावर सुरू होईल की पीओ आल्यावर, तेही.

हे सगळं मेलच्या मजकुरातच हवं, नुसतं एक्सेलच्या दुसऱ्या शीटवर नको. मंजुरी देणारे साहेब बऱ्याचदा मोबाइलवर मेल वाचतात, अटॅचमेंट उघडतीलच असं नाही. भाव बदलला तर जुन्या मेललाच "रिवाइज्ड" म्हणून उत्तर देऊन थांबू नका. नवा कोटेशन नंबर द्या आणि पहिल्याच ओळीत लिहा, "आमचं आधीचं अमुक नंबरचं, अमुक तारखेचं कोटेशन रद्द समजावं." नाहीतर पीओ जुन्या नंबरवर, जुन्या भावाने येते.