बनावट ग्राहक लवकर शांत होतो, म्हणून चाचणी खोटी ठरते का?

> «एक मॉडेल ग्राहक होणार आणि दुसऱ्याची परीक्षा घेणार, म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या. मी करून बघितलंय. "तू खूप चिडलेला ग्राहक आहेस" असं सांगितलं की दोन वाक्यं तो ओरडतो, तिसऱ्याला "समजून घेतल्याबद्दल धन्यवाद" म्हणून मोकळा. आमच्या सपोर्टला येणारी माणसं अशी नसतात. त्यापेक्षा खऱ्या ग्राहकांचे जुने चॅट बॉटला वाचायला द्या आणि उत्तरं तपासा.»

सपोर्टचा चॅटबॉट तपासायला दुसऱ्या एआय मॉडेलला ग्राहक बनवायचं, या पद्धतीवरचा हा आक्षेप. दोन वाक्यांत शांत होणारा ग्राहक मीही पाहिला आहे, आणि त्याचं कारण सरळ आहे. या मॉडेलांना मदतनीस म्हणूनच घडवलेलं असतं. समोरच्याशी जुळवून घेणं, आभार मानणं, विषय मिटवणं हे त्यांच्या अंगवळणी पडलंय. संभाषण लांबलं की तो ग्राहक कधी कधी चक्क बाजू बदलतो आणि बॉटलाच विचारतो, "तुम्हाला आणखी काही मदत हवी आहे का?" अशा ग्राहकासमोर बॉट पास झाला तर त्याला काही अर्थ नाही, हे मान्य.

पण जुने चॅट वाचायला देण्यात अडचण आहे. त्या चॅटमधलं ग्राहकाचं चौथं वाक्य हे तेव्हाच्या एजंटच्या तिसऱ्या उत्तराला दिलेलं उत्तर असतं. तुमच्या बॉटने तिसऱ्या वेळी वेगळं काही विचारलं की पुढची सगळी वाक्यं अधांतरी लटकतात. बॉट विचारतो ऑर्डर नंबर, आणि लॉगमधला ग्राहक म्हणतो, "हो, तोच पत्ता." एका प्रश्नाचं एक उत्तर तपासायचं असेल तर जुने चॅट उत्तम. आठ-दहा फेऱ्यांचं संभाषण तपासायचं असेल तर समोर उत्तर देणारं कुणीतरी लागतंच.

म्हणून माझं म्हणणं असं, की राग प्रॉम्प्टमध्ये लिहायचाच नाही. अडचण परिस्थितीत भरायची. आमच्या ग्राहकाला स्वभाव मिळत नाही, कार्ड मिळतं. एका घरगुती उपकरणांच्या दुकानाच्या बॉटसाठीचं हे कार्ड बघा. दुकानाचा नियम असा: ७ दिवसांत पैसे परत, त्यानंतर वॉरंटीत फक्त बदली.

```
हवं: मिक्सरचे पूर्ण पैसे परत
खरं: घरी येऊन ९ दिवस झाले, मोटर फिरत नाही
आधी सांग: फक्त "मिक्सर बंद पडलाय"
विचारलं तर: ऑर्डर नंबर, पहिल्यांदा चुकीचा (शेवटचे २ आकडे उलटे)
माहीत नाही: मॉडेल नंबर
मध्येच: आता नाशिकला राहतो, पत्ता बदला
मान्य: पैशांना दोनदा नकार मिळाल्यावरच बदली चालेल
```

यात "चिडलेला" हा शब्द कुठेच नाही, तरी हा गिऱ्हाईक कुणालाही जड जाईल. माहिती तो तुकड्या-तुकड्याने देतो. चुकीचा नंबर दुसऱ्याच कुणाच्या तरी ऑर्डरचा निघतो, आणि फोन नंबर न जुळवता बॉटने ती ऑर्डर उघडली तर परक्याचा पत्ता याच्या हाती लागतो. आणि "माहीत नाही" ही ओळ सोडू नका. ती नसेल तर ग्राहक-मॉडेल मॉडेल नंबर सरळ मनाने रचून सांगतं, मग बॉट त्या खोट्या नंबरामागे धावतो आणि दोष नक्की कुणाचा ते कळत नाही.

शेवटची ओळ तर मॉडेलवर सोडतच नाही. नकार किती झाले ते कोड मोजतो आणि दर फेरीला ग्राहकाच्या प्रॉम्प्टमध्ये "अजून मान्य करू नकोस" किंवा "आता करू शकतोस" एवढंच घालतो. कार्डही दर फेरीला पुन्हा दिलं जातं आणि उत्तर एक-दोन वाक्यांपुरतं मर्यादित ठेवलेलं असतं. तुम्ही म्हणता तो तिसऱ्या वाक्यातला धन्यवाद यातून बराच थांबतो. तरीही ग्राहकाने कार्ड मोडलंच, म्हणजे वेळेआधी मान्य केलं किंवा बाजू बदलली, तर ते संभाषण बॉटच्या खात्यात धरायचं नाही. ते बाद करून पुन्हा चालवायचं. बाद होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं तर आधी ग्राहक दुरुस्त करायचा.

आता किल्ल्यांचा मुद्दा. निकाल ग्राहक देतच नाही. संभाषण संपल्यावर आम्ही चाचणीचा डेटाबेस उघडतो. या कार्डासाठी तिथे तीनच गोष्टी बघायच्या असतात: बदलीची नोंद झाली, पत्ता नाशिकचा आहे, परतावा शून्य आहे. ही रीत माझ्या डोक्यातून आलेली नाही. सिएरा कंपनीच्या संशोधकांनी २०२४ साली आणलेल्या टाउ-बेंच या बॉटच्या चाचणीसंचातही शेवटी डेटाबेसची स्थिती अपेक्षित स्थितीशी ताडून पाहतात.

याच कार्डावर एकदा बॉटने फार गोड संभाषण केलं. "पत्ता बदलला आहे, बदली नाशिकला येईल," असं स्वच्छ सांगितलं, ग्राहकही खूश होऊन गेला. नोंदीत पत्ता पुण्याचाच होता. बॉटने बदलीची नोंद आधी केली होती, पत्ता नंतर आला, आणि पत्ता बदलायचा टूल कॉल, म्हणजे नोंद बदलण्यासाठी बॉटने यंत्रणेला द्यायची आज्ञा, झालाच नव्हता. नुसतं चॅट वाचून मार्क देणाऱ्याने, तो माणूस असो की मॉडेल, इथे पूर्ण गुण दिले असते.

डेटाबेसला एक गोष्ट मात्र दिसत नाही: बोललेला शब्द. बॉट "पाच दिवसांत पैसे येतील" म्हणाला आणि पुढे काहीच केलं नाही, तर परतावा शून्यच राहतो आणि चाचणी पास होते. हे साधं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने एअर कॅनडाला तिच्या चॅटबॉटने दिलेल्या चुकीच्या माहितीबद्दल जबाबदार धरलं. कुटुंबात मृत्यू झाल्यावर मिळणाऱ्या भाडेसवलतीसाठी प्रवासानंतरही अर्ज करता येईल, असं त्या बॉटने प्रवाशाला सांगितलं होतं. म्हणून इथे आम्ही तिसरं मॉडेल बसवतो, पण "संभाषण कसं झालं?" असं मोघम विचारत नाही. "बॉटने पैसे परत देण्याचं आश्वासन दिलं का? दिलं असेल तर ते वाक्य जसंच्या तसं दाखव," एवढंच विचारतो. त्याची उत्तरं अधूनमधून माणूस तपासतो.

एकच कार्ड एकदा चालवून समाधान मानू नका. दर वेळी ग्राहक जरा वेगळं बोलतो आणि बॉटची वाट बदलते. दहातल्या नऊ वेळा नीट वागणारा बॉट सलग आठ वेळा नीट वागण्याची शक्यता 0.9^8, म्हणजे जेमतेम ४३ टक्के. टाउ-बेंचमध्ये हाच आकडा `pass^k` म्हणून मोजतात, आणि तेव्हा जीपीटी-४ओ दुकानाच्या कामांत आठच्या आठ वेळा जमण्याच्या कसोटीवर २५ टक्क्यांच्याही खाली होतं.

तुमचे जुने चॅट मात्र फेकू नका. कार्डं त्यातूनच लिहायची असतात, नावं आणि फोन नंबर काढून. लोक कुठे अडतात, कोणती माहिती उशिरा देतात, कशावर हटून बसतात हे मॉडेलला विचारून कळत नाही. ग्राहकासाठी शक्यतो बॉटहून वेगळ्या कंपनीचं मॉडेल घ्या, कारण एकाच मॉडेलला स्वतःची गोलमोल वाक्यं फार पटकन समजतात. आणि त्याची आवृत्ती बदलू देऊ नका. ग्राहक बदलला की जुन्या आणि नव्या बॉटच्या गुणांची तुलना निरर्थक होते.

एवढं करूनही मिळणारा आकडा बॉटच्या दोन आवृत्त्यांत डावं-उजवं करायलाच वापरावा. "आपले ८० टक्के ग्राहक समाधानी होतील" असं त्यावरून कुणी सांगत असेल तर ऐकू नका. उत्तर न देता निघून जाणारा, तीन तासांनी "हॅलो??" म्हणून परतणारा, फुटलेल्या जारचा अंधुक फोटो टाकून गप्प बसणारा माणूस आमच्या कार्डांत अजून नाही. त्याच्यासाठी आम्ही सुरुवातीला थोड्याच ग्राहकांना बॉट देतो आणि ती संभाषणं माणसांकडून वाचून घेतो.