प्रतिक्रियेला उत्तर: न पाहिलेला जनरेटर आणि आपला साधा क्लासिफायर

नागपूरच्या धरमपेठेतून एका वाचकाची प्रतिक्रिया: "निबंध माणसाचा की यंत्राचा हे ओळखणाऱ्या क्लासिफायरवरचा तुमचा लेख वाचला. मी शिक्षक आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. माणसाचे निबंध आणि एखाद्या मॉडेलचे निबंध समोर ठेवले की कुठलंही साधं गणित फरक ओळखतं. त्यात कौतुक काय? ते त्या एका मॉडेलची लकब पाठ करतं. उद्या मुलांनी दुसरं ॲप वापरलं की तुमचा क्लासिफायर आंधळा. आणि असल्या कच्च्या साधनावर विसंबून एखाद्या मुलावर कॉपीचा आरोप झाला तर जबाबदार कोण? लॉजिस्टिक रिग्रेशनऐवजी मोठं मॉडेल का नाही वापरलं?"

नमस्कार सर. लकब पाठ होण्याचा धोका खरा आहे. तो प्रशिक्षणाच्या कुठल्या पायरीवर आत शिरतो आणि मोजायचा कसा, हे सविस्तर सांगतो.

आधी नमुने. माणसांचे ३८४ निबंध आहेत: ४८ विषय, प्रत्येक विषयावर ८ वेगवेगळ्या मुलांचे. सगळे कागदावर लिहिलेले आणि २०२२ च्या आधीचे. चॅटजीपीटी लोकांसमोर आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला, त्यामुळे ‘माणूस’ ही चिठ्ठी लावताना शंका राहत नाही. यंत्राच्या बाजूला चार वेगळ्या कंपन्यांचे जनरेटर, म्हणजे निबंध लिहून देणारी मॉडेलं. त्याच ४८ विषयांवर प्रत्येकाकडून दोन-दोन निबंध, म्हणजे ९६ प्रत्येकी, एकूण पुन्हा ३८४. मुलांच्या निबंधाइतकीच लांबी मागितली आणि सूचनाही दर वेळी वेगळ्या शब्दांत दिल्या, कारण एकच सूचना वापरली तर क्लासिफायर त्या सूचनेचाच ठसा शिकतो. पाचव्या जनरेटरचे ९६ निबंध बाजूला ठेवले आहेत. ते सगळे निर्णय झाल्यावर एकदाच उघडायचे.

आता मुख्य गोष्ट. नेहमीची पद्धत अशी की सगळे ७६८ निबंध पिसायचे, ८० टक्क्यांवर शिकवायचं आणि २० टक्क्यांवर तपासायचं. असं केलं की आकडा जवळजवळ पूर्ण येतो, आणि तुमचा आक्षेप त्याच आकड्यावर लागू पडतो. चारही जनरेटर दोन्ही बाजूंना असतात, एकच विषयही दोन्ही बाजूंना असतो. ही परीक्षा ओळखीच्या जनरेटरची. अनोळखी जनरेटरबद्दल ती काहीच सांगत नाही.

म्हणून प्रत्येक फेरीत एक जनरेटर शिकवण्यातून पूर्णपणे वगळायचा आणि तपासणी त्याच्यावर करायची. scikit-learn या पायथॉनच्या मशीन लर्निंग संचात यासाठी `LeaveOneGroupOut` आहे, पण ते इथे सरळ लावता येत नाही. माणसांचे निबंध कुठल्या गटात टाकणार? ‘माणूस’ हा एक गट केला तर त्याच्या फेरीत शिकवायला एकही माणूस उरत नाही, आणि जनरेटरच्या फेरीत तपासायला फक्त यंत्र उरतं. मग सगळ्याला ‘यंत्र’ म्हणणारा क्लासिफायरही शंभर टक्के मिळवतो. त्यामुळे विषय आणि जनरेटर अशी दुहेरी वगळणी हाताने लिहावी लागते:

```python
for g in generators:
    for topics in topic_folds:      # 4 x 12
        held = df.topic.isin(topics)
        train = df[~held & (df.gen != g)]
        test = df[held & df.gen.isin([g, "human"])]
```

प्रत्येक फेरीत शिकवायला ३६ विषयांवरचे माणसांचे २८८ निबंध आणि तीन जनरेटरांचे २१६. तपासायला उरलेल्या १२ विषयांवरचे माणसांचे ९६ आणि वगळलेल्या जनरेटरचे २४. संख्या सारखी नाही म्हणून `class_weight="balanced"`, म्हणजे शिकवताना दोन्ही बाजूंना सारखं वजन. एकाच मुलाचे दोन विषयांवर निबंध असतील तर ते दोन्ही एकाच बाजूला जायला हवेत, नाहीतर त्या मुलाची शैली पलीकडे गळते.

ही परीक्षा लावली की आकडा खाली येतो आणि प्रत्येक जनरेटरसाठी वेगळा येतो. तो का खाली आला हे शोधताना लॉजिस्टिक रिग्रेशनचा उपयोग कळतो. मजकूर छोट्या अक्षर-तुकड्यांत तोडलेला असतो आणि प्रत्येक तुकड्याला एक गुणांक, म्हणजे तो कुठल्या बाजूला किती ओढतो याचा आकडा, मिळालेला असतो. माणसाकडे आणि यंत्राकडे सर्वांत जास्त ओढणारे पन्नास-पन्नास तुकडे काढून डोळ्यांनी वाचायचे. मोठं मॉडेल न वापरण्याचं पहिलं कारण हेच. तेही याच नमुन्यांतून शिकतं आणि तीच लकब उचलतं, फक्त काय उचललं ते असं यादी काढून वाचता येत नाही.

यादीत पहिल्यांदा दिसतात ती टंकलेखनाची चिन्हं. हस्तलिखितं एकाच माणसाने एकाच कीबोर्डवर टाइप केली. ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’ यांतला ऱ्य दोन तऱ्हांनी साठवता येतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्याला न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण क्लासिफायरला वेगळे. टाइप करणाऱ्याचा कीबोर्ड दुसऱ्या तऱ्हेचा होता आणि जनरेटर पहिली तऱ्हा वापरतात. मग ‘माणूस’ म्हणजे तो अदृश्य जोडक, असं समीकरण तयार होतं. मुलांनी कागदावर पेनाने लिहिलेल्या अक्षराशी त्याचा काडीचा संबंध नाही. हेच ‘ॲ’च्या दोन रूपांचं, मराठी आणि इंग्रजी आकड्यांचं, सरळ आणि वळणदार अवतरणचिन्हांचं, आणि जनरेटर जाड ठशासाठी जी तारांकनं टाकतात त्यांचं. शिकवण्याआधी हे सगळं एकसारखं करायचं:

```python
t = unicodedata.normalize("NFC", t)
t = t.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
t = t.replace("\u200d", "").replace("\u200c", "")
t = t.replace("\u0905\u0945", "\u0972")
t = t.translate(str.maketrans("०१२३४५६७८९“”‘’", "0123456789\"\"''"))
t = t.replace("*", "")
```

मराठीवर काम करणाऱ्यांसाठी इथेच आणखी एक सांगतो. मजकुराचे आकडे करणारं scikit-learn चं `TfidfVectorizer` ज्या पद्धतीने आपोआप शब्द तोडतं, ती काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही. ‘मराठी’ मधून फक्त ‘मर’ उरतं आणि एकटं पडलेलं ‘ठ’ टाकून दिलं जातं. निकाल तरीही बरे दिसतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मी `analyzer="char_wb"` आणि २ ते ५ अक्षरांचे तुकडे घेतो. त्यात मात्रा शाबूत राहतात आणि विभक्तिप्रत्ययही आपोआप पकडले जातात.

चिन्हं साफ केली की यादीत नागपूर वर येतं. विषयांत मारबतीची मिरवणूक आहे, संत्री आहेत, फुटाळा तलाव आहे, मे महिन्यातलं ऊन आहे. मुलांनी इतवारी आणि महाल या वस्त्या नावानिशी लिहिल्या, पिवळी मारबत कुठल्या चौकात पाहिली ते लिहिलं, मधूनच नागपुरी वळणाने ‘पाऊस येऊन राहिला होता’ असंही लिहिलं. जनरेटरांनी ‘नागपूरची समृद्ध परंपरा’ या थाटाचं लिहिलं. आता इतवारीचं नाव घेणारा माणूस आणि न घेणारा यंत्र, हे शिकणं म्हणजे आपल्या गावाच्या मुलांना पाठ करणं झालं. तुम्ही जनरेटरची लकब पाठ होण्याबद्दल लिहिलंत, पण माणसाच्या बाजूलाही हेच होतं आणि तिथे ते जास्त घातक आहे. साताऱ्याहून बदलून आलेल्या घरातली मुलगी प्रमाण मराठीत नेटका निबंध लिहील आणि यंत्र ठरेल.

यावर मी दोन चाळण्या लावतो. तुकडा शिकवण्याच्या ३६ पैकी किमान १२ विषयांत आलेला असला पाहिजे, म्हणजे एकेका विषयापुरती येणारी गावांची आणि सणांची नावं गळतात. आणि यंत्राकडे ओढणारा तुकडा किमान दोन जनरेटरांत आलेला हवा. एखाद्या जनरेटरला प्रत्येक निबंध एकाच ठरावीक वाक्याने संपवायची सवय असेल तर ती दुसऱ्या चाळणीत अडकते. दोन्ही चाळण्या प्रत्येक फेरीत फक्त शिकवण्याच्या भागावर चालवायच्या. आधीच सगळ्या ७६८ निबंधांवर चालवल्या तर वगळलेला जनरेटर मागच्या दाराने आत येतो.

यानंतर लॉजिस्टिक रिग्रेशनची `C` ही किंमत. ती जितकी मोठी, तितकी क्लासिफायरला एकेका तुकड्यावर जास्त भार टाकायची मुभा. पिसलेल्या विभागणीवर ती निवडली तर मोठी किंमत आकर्षक वाटते, कारण ओळखीच्या जनरेटरची प्रत्येक सवय तिथे गुण देते. मी ती वगळलेल्या जनरेटरवर निवडतो, आणि सरासरीऐवजी सर्वांत वाईट जनरेटर पाहून. समजा तीन जनरेटरांवर ९५ टक्के आणि चौथ्यावर ६० टक्के निबंध पकडले गेले. सरासरी ८६ येते आणि कागदावर छान दिसते. पण मुलं उद्या कोणतं ॲप वापरतील ते मला माहीत नाही, त्यामुळे माझ्या दृष्टीने हा क्लासिफायर ६० चा.

आरोपाच्या जबाबदारीबद्दलचा तुमचा प्रश्न कटऑफपाशी येतो, म्हणजे किती गुणांच्या पुढे निबंध यंत्राचा धरायचा त्या सीमेपाशी. आपोआप मिळणारा ०.५ चा कटऑफ मी वापरत नाही. प्रत्येक फेरीत न दाखवलेल्या विषयांवर माणसांच्या निबंधांना मिळालेले गुण एकत्र करतो आणि कटऑफ फक्त त्यांच्यावरून ठरवतो. ३८४ पैकी ४ च्या वर निबंध चुकून यंत्र ठरता कामा नयेत, म्हणजे साधारण १ टक्का. यात पकडलं जाणारं यंत्राचं लेखन कमी होतं, ते मला मान्य आहे. ५ टक्के चूक चालवून घेतली तर ४०० मुलांच्या शाळेत २० निर्दोष मुलं दोषी ठरतील. आणि ३८४ नमुन्यांवर १ टक्क्याहून बारीक दावा करायला आधारच नाही, चारचे तीन झाले की आकडा हलतो.

हा १ टक्काही सगळ्या मुलांत सारखा वाटला गेला आहे का, हे वेगळं पाहावं लागतं. नागपुरात घरी हिंदी बोलणारी पुष्कळ मुलं मराठी माध्यमात आहेत. त्यांची वाक्यं छोटी, शब्द ठरावीक, जोखीम कमी घेतलेली. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात तयार डिटेक्टरांना इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध दिले, तेव्हा सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरवले गेले. म्हणून या मुलांच्या निबंधांवरची चूक मी स्वतंत्र काढतो, आणि ती बाकीच्यांहून जास्त असेल तर कटऑफ त्यांच्यावरून ठरवतो.

मोठ्या साधनांनी हा प्रश्न सुटतो असंही नाही. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचा क्लासिफायर काढला. त्यांच्याच चाचणीत तो यंत्राचे २६ टक्केच नमुने पकडत होता आणि माणसांचे ९ टक्के चुकून यंत्राचे ठरवत होता. त्याच वर्षी जुलैत कमी अचूकतेचं कारण देऊन तो त्यांनी मागे घेतला.

माझ्या क्लासिफायरच्या मर्यादा स्पष्ट आहेत. दीडशे शब्दांखालच्या मजकुरावर मी तो चालवत नाही, कारण तेवढ्यात सामाईक तुकडे पुरेसे येत नाहीत. मुलाने यंत्राचा निबंध स्वतःच्या शब्दांत उतरवला तर तो सुटतो. आणि एकट्या गुणावरून कोणाही मुलाला दोषी धरू नये. तो गुण शिक्षकाने मुलाला बोलावून निबंधाबद्दल दोन प्रश्न विचारावेत इतपतच कामाचा आहे.

तुमची मुलं सध्या जे ॲप वापरतात त्यावर याच ४८ विषयांचे निबंध काढून पाठवाल का? विषयांची यादी मी देतो. विषयामागे दोन, लांबी मुलांच्या निबंधाएवढी, सूचना तुमच्या शब्दांत. ते मी शिकवण्यात घेणार नाही. पाचव्या जनरेटरच्या शेजारी ठेवून त्याच गोठवलेल्या कटऑफवर चालवेन आणि किती पकडले, किती सुटले ते इथेच लिहीन.